उंच धुराडे जमिनीवर आपटण्याआधीच का मोडते?

विटांचे उंच धुराडे पायथ्याशी कापून पाडताना कोणी केलेले चित्रीकरण मिळाले, तर ते एकदा सावकाश गतीने पाहावे. सुरुवातीला धुराडे एखाद्या ताठ काठीसारखे झुकते. मग निम्म्या उंचीच्या जरा खाली, ज्या बाजूला ते पडत असते त्या बाजूच्या भिंतीवर एक आडवी रेघ उमटते. ती उघडत जाते, तिच्यातून धूळ बाहेर पडते आणि वरचा भाग खालच्या भागापेक्षा मागे राहतो. जमीन अजून दूर असते, म्हणजे आपटल्यामुळे ते मोडलेले नसते.

पुण्यात अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवताना मी हा प्रश्न दरवर्षी फळ्यावर घेतो आणि मोडणाऱ्या धुराड्याची आकृती त्यांनाच काढायला सांगतो. दोन चुका हमखास दिसतात. काही जण वरचा भाग पुढे, म्हणजे जमिनीकडे वाकलेला दाखवतात. ज्यांनी थोडा हिशेब केलेला असतो, ते वरचा भाग मागे वाकलेला दाखवतात, पण तडा मात्र पायथ्यापासून दोन तृतीयांश उंचीवर काढतात. दुसरी चूक जास्त बोलकी आहे, कारण ती योग्य गणितातून निघालेली असते आणि शेवटच्या पायरीवर फसलेली असते. म्हणून हा हिशेब पायरीपायरीने, शेवटपर्यंत करून पाहू.

पहिली पायरी: पट्टी आणि नाणी

गणिताआधी दहा मिनिटांचा एक प्रयोग करावा. एक मीटरची लाकडी पट्टी, एक रुपयाची पाच नाणी, थोडी कापडी चिकटपट्टी आणि सावकाश गतीचे चित्रीकरण करणारा मोबाइल एवढेच सामान लागते. पट्टीचे शून्याचे टोक टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने असे बांधावे की ते बिजागरीसारखे सहज फिरेल, पण घसरणार नाही. उरलेली पट्टी टेबलाबाहेर हवेत ठेवून दुसरे टोक बोटाने आडवे धरावे. २०, ४०, ६०, ८० आणि ९५ सेंटिमीटरच्या खुणांवर एकेक नाणे ठेवावे. मोबाइल बाजूने, पट्टीच्या पातळीवर उभा करावा आणि बोट झटकन खाली काढून घ्यावे. बोट हळू काढले तर पट्टी बोटाबरोबरच खाली येते आणि काहीच दिसत नाही. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचे हेच होते.

चित्रीकरणात पहिली तीन नाणी पट्टीला चिकटल्यासारखी तिच्याबरोबर खाली येतात. ८० आणि ९५ च्या नाण्यांखालून मात्र पट्टी निसटते आणि ती नाणी हवेत राहून मागाहून पडतात. पहिल्या दशांश सेकंदात मोकळे नाणे ४.९ सेंटिमीटर पडते, पट्टीचे टोक त्याच वेळात ७.३ सेंटिमीटर खाली जाते, आणि ९५ च्या खुणेवर नाणे व पट्टी यांच्यात सुमारे २ सेंटिमीटरची फट पडते. सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या मोबाइलवर एवढ्या वेळात २४ चित्रे मिळतात, त्यामुळे फट मोजताही येते.

म्हणजे पट्टीचे टोक गुरुत्वाकर्षणाने पडणाऱ्या मोकळ्या वस्तूपेक्षा वेगाने खाली जाते. वरचे नाणे मागे पडते, कारण त्याला पट्टीबरोबर खाली ओढणारे काहीच नसते. धुराड्याच्या शेंड्याजवळची वीट ही अशीच एक नाणे आहे, फक्त ती चुन्याने किंवा सिमेंटने खालच्या विटेला चिकटवलेली आहे. जी ओढ नाण्याला मिळाली नाही, ती विटेला सांध्यातून मिळावी लागते. सांधा ती कुठपर्यंत देऊ शकतो, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

दुसरी पायरी: कोनीय त्वरण काढणे

धुराडे सगळीकडे सारख्या जाडीचे आणि ताठ आहे असे धरू. लांबी `L`, एकूण वस्तुमान `M`, आणि उभ्या रेषेपासून झुकण्याचा कोन `θ`. पायथा हीच बिजागरी. वजन मध्यावर, म्हणजे `L/2` वर काम करते, त्यामुळे फिरवणारा टॉर्क `M g (L/2) sin θ` इतका येतो. फिरण्याला होणारा विरोध, म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया, एका टोकाशी बांधलेल्या काठीसाठी `M L²/3` असतो. पहिल्याला दुसऱ्याने भागले की कोनीय त्वरण मिळते:

```
α = (3 g / 2 L) sin θ
a(r) = r α = (3/2) g (r/L) sin θ
```

दुसरी ओळ पायथ्यापासून `r` अंतरावरच्या विटेचे काठीला लंब दिशेतले त्वरण सांगते. संपूर्ण धुराड्याचे कोनीय त्वरण एकच असते, पण प्रत्येक विटेचे स्वतःचे त्वरण तिच्या उंचीच्या प्रमाणात वाढत जाते. पायथ्याशी ते शून्य आणि शेंड्याशी `1.5 g sin θ` असते.

आता हीच वीट मोकळी असती, तर त्याच लंब दिशेत गुरुत्वाकर्षणाने तिला `g sin θ` एवढेच त्वरण दिले असते. दोन्ही त्वरणे `r = 2L/3` वर सारखी होतात. त्याखालच्या विटा गुरुत्वाकर्षणाने जितक्या वेगाने जाऊ पाहतात त्यापेक्षा हळू जातात, म्हणजे उरलेले धुराडे त्यांना अडवून धरते. त्यावरच्या विटांना स्वतःच्या वजनाने जमते त्यापेक्षा जास्त वेगाने जावे लागते, म्हणजे खालच्या भागाने त्यांना पुढे ओढावे लागते. अडवलेला भाग पुढे जाऊ पाहतो आणि ओढलेला भाग मागे राहू पाहतो, म्हणून वरचा भाग मागे वाकतो. शेंडा जड म्हणून पुढे झुकतो ही समजूत इथेच मागे पडते, कारण या हिशेबात शेंड्याच्या जडपणाचा प्रश्नच नाही. जाडी सगळीकडे सारखी धरूनही वरचा भाग मागेच राहतो.

तिसरी पायरी: तडा दोन तृतीयांशावर का पडत नाही

दोन तृतीयांश उंचीवर दोन्ही त्वरणे जुळतात, म्हणून तिथेच काहीतरी तुटावे असे मनाला वाटते. पण तिथे जुळते ते एका विटेपुरते. भिंत उघडते ती एखाद्या छेदाच्या वर असलेल्या सगळ्या भागाच्या एकत्रित वाकवण्याने, आणि हे वाकवणे प्रत्येक विटेवरचे उणे-अधिक बल गुणिले तिचे त्या छेदापासूनचे अंतर, अशी बेरीज करून काढावे लागते. शेंड्याची वीट एका तृतीयांश उंचीच्या छेदापासून फार दूर असल्याने तिच्या मागे राहण्याला तिथे लांबलचक तरफ मिळते. दोन तृतीयांशावरच्या छेदाला ती तरफ निम्मीच मिळते.

एकेका विटेवरचे लंब दिशेतले शिल्लक बल `1 − 3r/2L` या प्रमाणात असते. ते छेदापासून शेंड्यापर्यंत अंतराने गुणून एकत्र केले, की छेदावरचा वाकवणारा मोमेंट मिळतो. इथे `s = r/L` धरले आहे:

```
Mb = (M g L sin θ / 4) · s (1 − s)²
```

हा मोमेंट शेंड्याला मागे वाकवणाऱ्या दिशेने असतो. `s (1 − s)²` ही राशी `s = 1/3` ला सर्वांत मोठी, ४/२७ इतकी होते, आणि `s = 2/3` ला बरोबर त्याच्या निम्मी राहते. ताठ, सारख्या जाडीच्या धुराड्यावरचे वाकवणे म्हणून खालून एका तृतीयांशावर सर्वाधिक असते. कुणाला दुसऱ्या बाजूने पडताळणी हवी असेल, तर कातरणाऱ्या बलाचे सूत्र काढून पाहावे. ते `(M g sin θ / 4)(1 − s)(1 − 3s)` येते आणि `s = 1/3` ला शून्य होते. मोमेंट कमाल जिथे, कातर शून्य तिथे, हा नियम इथे नेमका जुळतो.

वाकवण्याची दिशा लक्षात घेतली की तड्याची बाजूही ठरते. वरचा भाग मागे वळू पाहतो, म्हणजे पुढची, जमिनीकडे तोंड असलेली भिंत ताणली जाते आणि मागची दाबली जाते. विटांचे बांधकाम दाब भरपूर सोसते, ताण मात्र अगदी थोडा. त्यामुळे तडा पुढच्या भिंतीवरच सुरू होतो.

चौथी पायरी: वजनाचा दाब वजा करणे

इथपर्यंत बरीच मुले पोचतात आणि एक तृतीयांश हे उत्तर लिहून थांबतात. चित्रीकरणात मात्र तडा थोडा वर दिसतो, आणि त्याचे कारण साधे आहे. वरच्या विटांचे वजन छेदावर बसलेले असते, आणि धुराडे फार झुकलेले नसताना त्या वजनाचा मोठा हिस्सा लांबीच्या दिशेत दाब देतो. हा दाब भिंत बंद ठेवतो. तडा उघडण्यासाठी वाकवण्याच्या ताणाने आधी हा दाब संपवायला हवा. खालच्या छेदांवर वजन जास्त असल्याने तिथे दाबही जास्त असतो, त्यामुळे वाकवणे जवळपास तेवढेच असूनही तिथली भिंत तग धरते आणि कमकुवत जागा वर सरकते.

या दाबातून आणखी थोडे वजा करावे लागते. धुराडे फिरत असल्यामुळे वरच्या भागाला केंद्राकडे ओढून ठेवावे लागते, आणि ते काम वजनाच्या लांबीकडच्या भागालाच करावे लागते. सुरुवातीला धुराडे उभे आणि स्थिर होते असे धरून उर्जेवरून `ω² = (3g/L)(1 − cos θ)` मिळते. इथे `ω` हा कोनीय वेग. बांधकामाची घनता `ρ` धरून हे सगळे घातले की छेदावरचा दाब असा येतो:

```
σc = ρ g L (1 − s) [cos θ − 1.5 (1 − cos θ)(1 + s)]
```

पातळ भिंतीच्या पोकळ नळीसाठी, सरासरी त्रिज्या `R` असताना, वाकवण्यामुळे पुढच्या भिंतीवर येणारा ताण असा असतो:

```
σb = ρ g L (L / 2R) · s (1 − s)² sin θ
```

या दोन सूत्रांत भिंतीची जाडी कुठेच नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भिंत जाड केली तर तिची ताकद वाढते, पण वजन आणि जडत्वही तेवढेच वाढते, आणि जाडी दोन्हीकडून कटते. पडताना मोडणार की नाही हे ठरते ते उंची, सडपातळपणा आणि सांध्याची ताणाची ताकद यांवर.

पाचवी पायरी: एक उदाहरण आकड्यांत

४५ मीटर उंच, सरासरी त्रिज्या १.५ मीटर, विटांच्या बांधकामाची घनता घनमीटरला १८०० किलो, असे एक धुराडे घेऊ. पुण्यात `g` साधारण ९.७८ असते, तेच घेतो. मग `ρ g L` ०.७९ मेगापास्कल येते. धुराडे १७ अंश झुकले असताना वेगवेगळ्या उंचींवर पुढच्या भिंतीची अवस्था काय असते, हे पाहायला एवढा छोटा प्रोग्रॅम पुरतो:

```python
from math import sin, cos, radians
rho, g, L, R = 1800, 9.78, 45, 1.5
th = radians(17)
for i in range(2, 8):
    s = i / 10
    b = (L/(2*R)) * s * (1-s)**2 * sin(th)
    c = (1-s) * (cos(th) - 1.5*(1-cos(th))*(1+s))
    print(s, round(rho*g*L*(b-c)/1e6, 3))
```

उत्तर धन आले तर ताण, ऋण आले तर अजून दाबच शिल्लक आहे असे समजावे. दोन दशांश उंचीवर −०.११२ येते, म्हणजे तिथली भिंत घट्ट मिटलेली आहे. तीन दशांशावर ०.०२८, चार दशांशावर ०.०८९ आणि मध्यावर ०.०९४ मेगापास्कल ताण येतो. मधल्या जागा तपासल्या तर कमाल ४५ टक्के उंचीच्या आसपास, ०.०९८ मेगापास्कल इतकी मिळते. ४५ मीटरच्या धुराड्यात ही जागा जमिनीपासून सुमारे २० मीटरवर येते.

०.१ मेगापास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोची ओढ. हा आकडा छोटा वाटतो, पण विटांच्या सांध्याची ताणाची ताकद सहसा मेगापास्कलच्या काही दशांशांपलीकडे जात नाही, आणि जुन्या, धुराने व पावसाने झिजलेल्या चुन्याच्या सांध्यांत ती त्याहूनही कमी असते. प्रोग्रॅममधला कोन बदलून पाहिला तर दिसते की या धुराड्यात ४५ टक्क्यांवर ताण सुरूच होतो १४ अंशांच्या आसपास, आणि २० अंशांवर तो ०.२ मेगापास्कलपर्यंत पोचतो. पंधरा ते वीस अंशांदरम्यान चांगला सांधाही हार मानू लागतो. जमिनीपर्यंतचा प्रवास नव्वद अंशांचा असतो, आणि धुराडे त्याच्या पहिल्या चतुर्थांशातच मोडते.

सहावी पायरी: घरच्या मनोऱ्यावर पडताळणी

लाकडी ठोकळे किंवा शिंप्याकडची रिकामी रिळे एकमेकांवर रचून हाच प्रकार घरी पाहता येतो. तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत फेरी मारली की एकसारखी वीस नग सहज मिळतात. रुंदीइतकीच उंची असलेले वीस ठोकळे एका छोट्या फळीवर रचावेत, फळी एका बाजूने सावकाश उचलावी आणि मनोरा पडू लागला की उचलणे थांबवावे. इथे सांधा मुळीच नाही, म्हणजे ताणाची ताकद शून्य. अशा वेळी ताण किती आला हे पाहण्यापेक्षा छेदावरचे एकत्रित बल ठोकळ्याच्या रुंदीच्या आत राहते की कडेबाहेर जाते, हे पाहावे लागते. मोमेंटला लांबीच्या दिशेतल्या दाबाने भागले, की हे बल मध्यापासून किती सरकले ते कळते. `s (1 − s)²` ला `(1 − s)` ने भागल्यावर उरते `s (1 − s)`, आणि ते बरोबर मध्यावर कमाल असते. फिरण्याचा परिणाम धरला तर वीस ठोकळ्यांचा मनोरा वीस अंशांच्या आसपास मधोमध उघडतो.

प्रयोगात एक गोष्ट बिघडते, ती आधीच सांगतो. फळी झटक्याने उचलली किंवा मनोऱ्याला बोटाने ढकलले, तर खालचा ठोकळा घसरतो आणि मनोरा पायथ्याशी कातरला जातो. ते वेगळे मोडणे आहे. पडताना पायथ्याशी कातरणारे बल खरेच सर्वांत जास्त, एकूण वजनाच्या `sin θ / 4` पट असते, पण १७ अंशांवर ते वजनाच्या सात टक्क्यांच्या घरातच असल्याने साधे घर्षणही ते सहज पेलते. हळू उचलले तर मनोरा घसरत नाही.

चित्रीकरणात काय पाहावे, आणि हिशेब कुठे थांबतो

एखाद्या धुराड्याचे मोडणे याच कारणाने झाले का, हे ओळखायला तीन खुणा पुरतात. तडा पडण्याच्या बाजूच्या भिंतीवर आधी उघडायला हवा, तो निम्म्या उंचीच्या आसपास किंवा जरा खाली असायला हवा, आणि त्यावरचा भाग खालच्यापेक्षा कमी झुकलेला दिसायला हवा. तडा मागच्या बाजूने उघडला किंवा अगदी पायथ्याशी पडला, तर कारण दुसरीकडे शोधावे. पायथ्याशी केलेला काप एकसारखा नसणे, तिथल्या विटा दाबाने चिरडणे किंवा आधीपासून असलेली भेग ही नेहमीची कारणे असतात.

खरी धुराडी बहुधा वर निमुळती असतात, आणि त्यामुळे वरचे आकडे सरकतात. दर मीटरचे वस्तुमान शेंड्याकडे सरळ रेषेत कमी होत शून्य होते असे टोकाचे उदाहरण घेतले, तर कोनीय त्वरण `(2g/L) sin θ` येते. म्हणजे शेंड्याचे त्वरण दीडपट नव्हे तर दुप्पट होते, आणि मोकळ्या विटेशी बरोबरी मध्यावरच होते. पण निमुळत्या धुराड्यात वरचा छेदही बारीक असतो, त्यामुळे कमकुवत जागा शोधायला प्रत्येक उंचीवरची त्रिज्या सूत्रात वेगळी घालावी लागते. प्रोग्रॅममध्ये `R` ला `s` नुसार बदलणे एवढ्यावर ते भागत नाही, मोमेंटची बेरीजही नव्याने करावी लागते.

तडा पूर्ण उघडला की ही सूत्रे संपतात. खालचा तुकडा आता लांबीने कमी झालेला असतो, त्यामुळे त्याचे कोनीय त्वरण वाढते आणि तो आणखी पुढे पळतो. वरचा तुकडा खरोखर सुटला तर गुरुत्वाकर्षण त्याला फिरवत नाही, फक्त खाली आणते. मोडण्याच्या क्षणी त्याला मिळालेला फिरण्याचा वेग, आपल्या उदाहरणात सेकंदाला सुमारे दहा अंश, तोच त्याच्याजवळ राहतो. चित्रीकरणात वरचा भाग जवळजवळ उभाच्या उभा खाली येताना दिसतो, तो यामुळे. लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या धुराड्यात मात्र ताण सळ्या घेतात. तिथे तडे पडले तरी धुराडे लगेच दुभंगत नाही, आणि ते अखंड पडेल असे धरूनच त्याच्या पूर्ण लांबीइतकी जागा मोकळी ठेवावी लागते.